महिनाअखेरचा स्टॉक: वहीत १४३, हातात ११९. बाकीचे गेले कुठे?

चाळीतली_चिमणी

नमस्कार मंडळी. लोहार चाळीत बाबांचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. गाळा छोटा, वर पोटमाळा, बाकी माल मागच्या गल्लीतल्या खोलीत. गेल्या दिवाळीपासून हिशेब मी बघते. त्याआधी सगळं बाबांच्या डोक्यात असायचं.

या ३१ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, पहिल्यांदाच नीट स्टॉक मोजला. टॅलीतून यादी छापली, मी वाचत गेले आणि दुकानातला मुलगा मोजत गेला. बरंचसं जुळलं. पण १६ अँपिअरचे सिंगल पोल एमसीबी यादीत १४३ आणि प्रत्यक्षात ११९. म्हणजे २४ कमी. शिवाय दीड एमएमच्या लाल वायरचं सुटं कॉइल ११ मीटर कमी भरतंय.

बाबांचा संशय त्या मुलावरच आहे. तीन महिन्यांपूर्वी लागलाय. पगारातून कापू म्हणतात. मला पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही. २४ नग कमी आलेत तर शोधायला सुरुवात कुठून करायची?

सरळसोट

कॅमेरा बसवा. दोन हजारात येतो. तीन महिन्यांपूर्वी मुलगा लागला आणि आता माल कमी झाला, यात शोधायचं काय राहिलं?

शेअरमित्र

महिनाअखेर म्हणजे एक्स्पायरीचा आठवडा, तेव्हा स्टॉकमध्ये असे झटके बसतातच. २४ टक्के पडला असेल तर घाबरून विकू नका, ॲव्हरेज करा.

तळ्यात_मळ्यात

@शेअरमित्र, अहो तो स्टॉक नव्हे, हा स्टॉक! एमसीबी ॲव्हरेज केले तर घरात अंधार होईल. :))

टॅलीवाला_ठाणे

ताई, सोपं आहे. Ctrl+F7 दाबा, Physical Stock व्हाउचर उघडेल. आयटम निवडा, ११९ टाका, सेव्ह करा. स्टॉक समरीत ११९ दिसेल आणि वही जुळेल. आम्ही बारा क्लायंटचं असंच करतो. २४ एमसीबीसाठी एवढा मोठा धागा कशाला?

बिनकार्ड

ठाणेकर, वही जुळेल हो, पण माल कुठे गेला ते कळायची वाट तुम्ही कायमची बंद केलीत. ते व्हाउचर त्या तारखेला आकडा मोजलेल्यावर आणून ठेवतं. उद्या एखादं राहिलेलं बिल मागच्या तारखेला सापडलं आणि टाकलं, तरी पुढच्या शिलकेत त्याचा परिणाम दिसणार नाही. ते व्हाउचर सगळ्यात शेवटी टाकायचं. आत्ता नको.

चिमणीताई, मी परळच्या एका गिरणीत स्टोअरला लागलो तो १९७६ साली. ८२ चा संप झाला आणि ते सुटलं. पुढे निवृत्तीपर्यंत अंधेरीला एमआयडीसीत एका इंजिनीअरिंग कंपनीचं स्टोअर सांभाळलं. म्हणजे मोजण्यातच आयुष्य गेलं. तुमच्या मोजणीत मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली अशी की तुम्ही यादीतला आकडा वाचलात आणि मग त्याने मोजलं. १४३ कानावर पडल्यावर माणसाचे डोळे १४३ शोधतात. जिथे जुळलं म्हणता ना, तिथेही मला शंका आहे. मोजणाऱ्याला वहीचा आकडा कळताच कामा नये. कोरा कागद द्यायचा, त्यावर फक्त मालाचं नाव आणि जागा. आणि मोजायचं ते मांडणीवरून, यादीवरून नव्हे. यादीवरून मोजलं की यादीत नसलेली वस्तू मांडणीवर असली तरी कोणी बघत नाही.

दुसरी म्हणजे शनिवार संध्याकाळ. दुकान चालू होतं का? मोजताना विक्री चालू असेल तर शेवटचा बिल नंबर कोणता धरला?

आधी ती एकच वस्तू पुन्हा मोजा. मुलाने नाही, बाबांनीही नाही, तुम्ही स्वतः. प्रत्येक खोकं उघडून.

चाळीतली_चिमणी

काका, दुकान चालू होतं. शेवटच्या बिलाचा नंबर लिहिलाच नाही. :( आज रविवार, दुकान बंद आहे, तेव्हा आत्ताच जाऊन मोजते.

गोळ्या_औषधं

दादरला आमचं मेडिकल आहे. आमच्याकडे कमी आलं की सगळे जागे होतात. जास्त आलं की कोणी विचारत नाही, आणि तिथेच आम्ही फसलो होतो.

घाऊक व्यापारी १० वर १ फुकट देतो. बिलात १० ची किंमत, माल ११ पट्ट्या. एंट्री करणारा १० टाकतो. म्हणजे दर खरेदीला एक पट्टी वहीबाहेरची जमा. वर्षभर आमचा तो आयटम अगदी जुळत होता. खूश होतो. मग एकदा फुकटच्या पट्ट्यांचा हिशेब लावला तेव्हा कळलं की जुळायलाच नको होता, सहा-सात पट्ट्या जास्त दिसायला हव्या होत्या. जेवढ्या फुकट येत होत्या तेवढ्या कुठेतरी जातही होत्या.

कोण नेत होतं ते कळलंच नाही. अजून डोक्यात आहे.

तळ्यात_मळ्यात

आमच्या सोसायटीत गणपतीला ६० खुर्च्या होत्या. विसर्जनानंतर ६४ भरल्या. शेजारच्या मंडळाकडे ५६. दोन्हीकडचे सेक्रेटरी म्हणाले, एकूण जुळतंय.

करपात्र

वरचा विनोद आमच्या धंद्यात रोज घडतो. एका आयटममध्ये कमी, दुसऱ्यात जास्त, आणि मालकाला दाखवताना एकूण रकमेचा फरक दाखवतात: "शेठ, बारा लाखांच्या मालात तीनशे रुपयांचा फरक." शेठ खूश. प्रत्यक्षात वीस हजारांची घट आणि एकोणीस हजार सातशेची वाढ एकमेकांना खाऊन बसलेली असते.

चिमणी, तू फक्त कमी आलेल्या वस्तू लिहिल्यास. जास्त काय आलं?

चाळीतली_चिमणी

आत्ताच दुकानातून आले.

आधी वाईट बातमी. ११९ नाहीत, ११६ आहेत. शनिवारी आम्ही ९ बंद खोकी गुणिले १२ म्हणजे १०८ धरले होते, आणि ११ सुटे. आज प्रत्येक खोकं उघडलं तर एकात ९ च निघाले. कोणीतरी फोडून तीन विकले असतील आणि पुन्हा टेप लावून वर ठेवलंय. तेव्हा घट २४ नसून २७ आहे. बाबांना अजून सांगितलं नाही.

करपात्र, जास्तीचं बघितलंच नव्हतं. यादी काढली. ३२ अँपिअर सिंगल पोल वहीत ५८, हातात ७०. बरोबर १२ जास्त. आणि एका दुसऱ्या ब्रँडचे १६ अँपिअर ४ जास्त.

सरळसोट

म्हणजे ते तीनही त्यानेच काढले. खोकं टेप लावून परत ठेवलं, हे पद्धतशीर काम आहे.

चाळीतली_चिमणी

नाही हो. ते तीन विकले गेले, बिलंही झाली असतील, म्हणजे ते वहीतून आधीच वजा आहेत. चूक फक्त आमच्या मोजण्यात होती. आणि टेप लावून ठेवायची सवय बाबांची आहे. धूळ बसते म्हणून.

बिनकार्ड

शाबास. आता बघा, १२ हा आकडा नशिबाने बरोबर खोक्याएवढा आला आहे. फरक खोक्याच्या पटीत आला की आधी चोरीचा विचार सोडा. चोर मोजून डझन नेत नाही, खिशात मावेल तेवढं नेतो. डझनाचा फरक बहुतेक कागदाचा असतो. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, शेजारी शेजारी ठेवलेले दोन आयटम, एक १२ ने कमी, एक १२ ने जास्त. कोणाला तरी १६ चं खोकं गेलं आणि बिल ३२ चं झालं.

महिन्यातली ३२ अँपिअरची सगळी बिलं काढा, जिथे १२ किंवा जास्त नग गेलेत तेवढीच. आणि त्यांची मूळ चिठ्ठी. तुमच्याकडे काउंटरवर कच्ची चिठ्ठी लिहून मग बिल होतं ना?

वायरमन_विक्रोळी

थांबा थांबा. गिऱ्हाइकाला नेमकं काय गेलं ते आधी बघा. बिल ३२ आणि माल १६ असेल तर ठीक, फार तर ट्रिप होत राहील. पण उलटं झालं असेल, म्हणजे कोणाला १६ हवा असताना ३२ गेला असेल, तर ती वायर जळेल आणि एमसीबी पडणारच नाही. तुम्ही हिशेब जुळवताय, पण कुणाच्या घरात काय बसलंय तेही बघा.

गोळ्या_औषधं

पण किमतीत फरक नसतो का? गिऱ्हाइकाने बिल बघून बोंब मारली असती.

वायरमन_विक्रोळी

नसतो. बऱ्याच कंपन्यांच्या सिंगल पोल सी कर्व्हमध्ये ६ पासून ३२ पर्यंत एकच एमआरपी असते. म्हणून तर कोणाला कळत नाही. बिलात फक्त आकडा वेगळा.

चाळीतली_चिमणी

सापडलं!!

१७ तारखेचं बिल. काळबादेवीचा कंत्राटदार आहे, नेहमीचा. बाबांच्या हातची चिठ्ठी "१६ – १ बॉक्स" आणि बिलात `MCB SP C32` १२ नग. बिल मी केलंय. टॅलीत `MCB SP C16` आणि `MCB SP C32` च्या मध्ये दोनच नावं आहेत, खाली बाण तीनदा जास्त दाबला गेला असणार. वायरमनदादा, कंत्राटदाराला फोन केला. त्यांना १६ च हवे होते, १६ च मिळाले. ते म्हणाले, "बिल कोण बघतं?"

म्हणजे २७ पैकी १२ माझे. मुलाचे शून्य.

हे बिल आता दुरुस्त कसं करू? जीएसटी रिटर्न अजून गेलं नाही.

करपात्र

रिटर्न गेलं नसेल तर बिल रद्द करून नवं द्या, पार्टीला कळवा. दर तोच, कर तोच, एचएसएन तोच, त्यामुळे कराच्या रकमेत काही हलत नाही. पण गुपचूप बिलातलं नाव बदलू नका, पार्टीकडे जुनी प्रत आहे.

टॅलीवाला_ठाणे

मी म्हणत होतो ते व्हाउचर टाकलं असतं तर दोन्हीकडचे बारा बारा एका मिनिटात नीट झाले असते, हेही खरंय की नाही? शेवटी आकडा तोच येणार.

बिनकार्ड

आकडा तोच आला असता, पण पुढच्या महिन्यात पुन्हा बाण जास्त दाबला गेला असता. आणि तोवर त्या पोराचा पगार कापला गेला असता.

वायरमन_विक्रोळी

ताई, उरलेल्या १५ साठी एक सांगतो. आम्ही बिघडलेला एमसीबी आणतो ना वॉरंटीतला, तेव्हा दुकानदार लगेच काउंटरवरून नवा देतो. तेव्हा बिल होत नाही, चिठ्ठीही होत नाही. जुना तो खाली कुठेतरी टाकतो. तुमच्याकडे असं खोकं असणारच.

चाळीतली_चिमणी

दादा, तुम्ही आमच्या दुकानात येता का? :D

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "ताई, ते खराबवालं खोकं?" आणि काउंटरच्या खालून, चहाच्या थर्मासच्या मागून खोकं काढून दिलं. त्यात दोन पंखे, रेग्युलेटर, आणि १६ अँपिअरचे ९ एमसीबी. काहींवर पार्टीचं नाव मार्करने लिहिलंय, काहींवर काहीच नाही.

२७ वजा १२ वजा ९. उरले ६.

बिनकार्ड

घाई नको. हे ९ याच महिन्यातले कशावरून? आणि कंपनीकडून बदलून आलेले नवे नग मध्ये कधी आले होते का? ते आले असतील आणि एंट्री नसेल, तर तुमच्या मांडणीवरच्या ११६ मध्ये ते मिसळलेत. मग खरी घट तुम्ही समजता त्याहून मोठी.

चाळीतली_चिमणी

कंपनीचा माणूस तिमाहीला येतो आणि खोकं घेऊन जातो. मागच्या वेळी मार्चमध्ये नेलं, बदलीचा माल अजून आलेला नाही. मार्चमधले किती नेले त्याची पावती बाबांकडे आहे, त्यात १६ अँपिअर एकही नाही, त्या वेळी सगळे पंखेच होते. तेव्हा ९ च्या ९ एप्रिल-मे मधले. एप्रिलअखेर आम्ही मोजलंच नव्हतं, त्यामुळे महिना वेगळा काढता येत नाही. पण घटीत धरायला हरकत नाही ना?

बिनकार्ड

नाही. मागच्या मोजणीपासून आजपर्यंतचं सगळं याच फरकात येतं. तुमची ही पहिलीच मोजणी, म्हणजे दुकान उघडल्यापासूनचं सगळं.

तरी हे ९ घट नव्हेत बरं. कंपनीकडून यायचे आहेत, म्हणजे माल तुमचाच, फक्त रूप बदललंय. गिरणीत आम्ही तुटका स्पिंडलही मोजायचो. टॅलीत "बदली" नावाचं वेगळं गोडाऊन करा. नवा नग दिला की तो दुकानातून बदलीत हलवायचा, कंपनीकडून आला की परत दुकानात. मग यादीतच दिसतं की नऊ बाहेर आहेत.

टॅलीवाला_ठाणे

हे मात्र मान्य. स्टॉक जर्नलने होतं, Alt+F7. एका गोडाऊनमधून दुसऱ्यात. दोन ओळींचं काम आहे.

आजी_हिशेबी

मी पण एक विचारू? आमच्या घरी स्टीलचे चमचे दर महिन्याला कमी होतात. २४ चे १७ झाले. कामवाली चांगली आहे हो.

तळ्यात_मळ्यात

आजी, ऑफिसच्या डब्यांच्या पिशव्या तपासा. तुमचे सात चमचे नरिमन पॉइंटला नोकरी करत असतील.

आजी_हिशेबी

सुनेच्या ड्रॉवरला चार निघाले! धन्यवाद.

करपात्र

धागा वळला तसा परत वळवतो. चिमणी, दुकानाला बँकेचं कॅश क्रेडिट आहे का? असेल तर बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं आणि त्यावर ड्रॉइंग पॉवर ठरते. ते तुम्ही टॅलीतून छापून देता की मोजून?

चाळीतली_चिमणी

आहे. टॅलीतून. :(

करपात्र

सगळेच तसं करतात. पण मग बँकेचा माणूस कधी तपासणीला आला आणि त्याने एक मांडणी मोजली तर अवघड होतं. दुसरं, अखेरचा स्टॉक वहीत फुगलेला असेल तर नफाही तेवढाच फुगलेला दिसतो. नसलेल्या मालाच्या नफ्यावर कर भरता.

आणि शेवटी जे खरंच हरवलं म्हणून लिहून टाकाल, त्यावर खरेदीच्या वेळी घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं. सीजीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच), हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, राइट ऑफ केलेला माल. म्हणून राइट ऑफ करायच्या आधी शोधणं परवडतं. वॉरंटीचे नऊ त्यात ढकलू नका.

सरळसोट

ठीक आहे, २१ सापडले. पण सहा अजून आहेत. सहा नग पण पैशाचेच. पगारातून कापले तर चुकलं काय?

करपात्र

कायद्याने असं सरसकट कापता येत नाही. माल त्या नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणाने झालेलं असावं लागतं, आणि कापण्यापूर्वी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. इथे गाळ्यात तिघं हात घालतात. कोणाच्या ताब्यात होता माल?

सरळसोट

बरं. कॅमेऱ्याचं मत कायम.

गोळ्या_औषधं

चिमणी, दुसऱ्या ब्रँडचे १६ अँपिअर ४ जास्त आले म्हणालीस, ते सगळे विसरले. तेही १६ च आहेत. आम्हा मेडिकलवाल्यांना हे लगेच दिसतं, एकाच औषधाची दुसरी कंपनी.

बिनकार्ड

वा! माझ्याही नजरेतून सुटलं. पण हे बिलाच्या चुकीने झालं असेल असं वाटत नाही. दोन कंपन्यांचे दर वेगळे, पार्टी ओरडली असती. वेगळं काही असणार. लोहार चाळ आहे, शेजारच्या गाळ्याशी देवाणघेवाण चालते का?

चाळीतली_चिमणी

हातउसने? रोज! गिऱ्हाईक उभं असतं, आपल्याकडे नग नसतो, तर पोऱ्या पळत जाऊन शेजारून आणतो. ते आपल्याकडून नेतात. लिहीत कोणी नाही. बाबांना विचारते.

चाळीतली_चिमणी

विचारलं. आधी म्हणाले, "नाही, मे मध्ये कोणाला काही दिलं नाही." मग शेजारचे काका स्वतःच आले चहाला. त्यांनी सांगितलं, आठवड्यापूर्वी आमच्याकडून १६ चे ४ नेले होते आणि दोन दिवसांनी परत केले. बाबा म्हणाले नाही केले. ते म्हणाले केले, तुमच्या पोराच्या हातात दिले. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "हो शेठ, दिले होते. पण दुसऱ्या कंपनीचे होते, म्हणून मी त्यांच्या ट्रेमध्ये ठेवले."

म्हणजे दिले आमच्या ब्रँडचे, परत आले दुसऱ्या ब्रँडचे. ४ कमी, ४ जास्त. मुलाने बरोबर जागी ठेवले होते, त्यात त्याची चूकच नाही.

दोघांची थोडी वादावादी झाली, कारण दोन ब्रँडचा खरेदीदर वेगळा आहे आणि स्वस्तातले परत आलेत. ते अजून मिटलेलं नाही.

१२ + ९ + ४ = २५. उरले २.

तळ्यात_मळ्यात

तीनही गुन्हेगार सापडले: मुलगी, थर्मास आणि बाबा.

वायरमन_विक्रोळी

आणि वायर? ११ मीटरचं काय झालं?

चाळीतली_चिमणी

वायर अडलीये. कॉइल ९० मीटरचं येतं, आम्ही सुटं मीटरवर पण विकतो. सुटं कॉइल उलगडून मोजायला गाळ्यात जागाच नाही, म्हणून शनिवारी अंदाजाने मोजलं होतं, वेटोळे मोजून.

बिनकार्ड

वेटोळे मोजू नका, आतलं वेटोळं लहान असतं आणि बाहेरचं मोठं. वजन करा. दहा मीटर नीट मोजून कापलेला तुकडा तुमच्याच काट्यावर तोला, मग सुटं कॉइल तोला, आणि भागा. नुसतं तांबंच दीड एमएमला मीटरला साडेतेरा ग्रॅमच्या आसपास जातं, वर पीव्हीसी. ते कंपनीगणिक बदलतं, म्हणून तोच ब्रँड, तोच रंग घ्या. काही कंपन्या वायरवर मीटरचे आकडे छापतात. तसं असेल तर दोन्ही टोकांचे आकडे वाचा, काटाही नको.

चाळीतली_चिमणी

आकडे छापलेले नाहीत. वजन केलं. दहा मीटर २१० ग्रॅम. सुटं कॉइल ९४५ ग्रॅम, म्हणजे ४५ मीटर. वहीत ५१ आहे. शनिवारच्या अंदाजाने ४० आले होते. तेव्हा ११ ची घट आता ६ वर आली.

वायरमन_विक्रोळी

ते सहा मी सांगतो. तुमचे बाबा दहा मीटर म्हणून देताना काउंटरवरच्या पट्टीने मोजतात की हात पसरून?

चाळीतली_चिमणी

पट्टीने. पण प्रत्येक वेळी शेवटी एक वीत जास्त सोडतात. "गिऱ्हाइकाला कमी पडायला नको." :)

वायरमन_विक्रोळी

एक वीत म्हणजे वीस-बावीस सेंटीमीटर. महिन्यात सत्तावीस-अठ्ठावीस तुकडे कापले असतील तर झाले सहा मीटर. किती तुकडे विकले बघा.

चाळीतली_चिमणी

त्या रंगाच्या सुट्या विक्रीच्या १९ ओळी आहेत बिलांत. म्हणजे विताने चार मीटरच होतात. दोन मीटर अजून राहिले.

बिनकार्ड

काट्याची कमीत कमी नोंद किती? पाच ग्रॅम असेल तर दहा मीटरच्या तुकड्यात पाच ग्रॅमची चूक म्हणजे कॉइलमागे एक मीटर. पन्नास मीटरचा तुकडा कापून तोलायला हवा, पण तो कोण कापू देईल! दोन मीटर तुमच्या काट्याच्या चुकीत बसतात की नाही हे सांगता येत नाही.

टॅलीवाला_ठाणे

आता तरी Ctrl+F7?

बिनकार्ड

आता दाबा. पण २ एमसीबी आणि ती वायर वेगळ्या ओळीत, नॅरेशनमध्ये कारण लिहून: "मे मोजणी, कारण सापडलं नाही." पुढच्या महिन्यात पुन्हा १६ चेच दोन कमी आले तर मला सांगा. आणि मोजण्यापूर्वी शेवटचा बिल नंबर आणि शेवटच्या चिठ्ठीचा नंबर कागदाच्या वरच लिहायचा. ३० जून सोमवारी येतो, दुकान चालू असणार. रविवारी २९ ला मोजा आणि सोमवारचा दिवस भर घाला: मोजलेला अधिक सोमवारची खरेदी वजा सोमवारची विक्री.

चाळीतली_चिमणी

बाबांना सगळं कागदावर लिहून दाखवलं. बराच वेळ बघत बसले. मुलाबद्दल काही बोलले नाहीत, पण दुपारी त्याला कटिंग पाजली आणि स्वतःसाठी पण मागवली, जे ते कधी करत नाहीत.

काउंटरला दोरीने वही बांधली आहे, पेनसकट. बदली आणि हातउसने त्यात लिहायचे असं ठरलंय. चार दिवस झाले. मुलाच्या हातच्या पाच नोंदी आहेत, माझ्या दोन. बाबांची एकही नाही.

वायरमन_विक्रोळी

ताई, त्या थर्मासमागच्या खोक्यात एका २० अँपिअरच्या एमसीबीवर मार्करने "विक्रोळी" लिहिलेलं आहे का बघा. एप्रिलपासून मी विसरलोय तो नेमका कुठल्या दुकानात दिला.